ऑफलाइन कमाईसाठी वेगळं सूत्र लिहू नका, पुढच्या घटनेपर्यंत उडी मारा

प्रश्न: मी एक आयडल गेम बनवतोय. खेळाडू ८-१० तासांनी परत आला की मधल्या वेळेतली कमाई कशी काढायची? एकेक टिक लूपमध्ये चालवला तर गेम उघडताना अडकतो आणि दर गुणिले वेळ केलं तर आकडे जुळत नाहीत. किती तासांची मर्यादा ठेवावी?

उत्तर:

दर गुणिले वेळ एकाच परिस्थितीत बरोबर येतं: मधल्या काळात दर बदललाच नाही तर. गोदामाला मर्यादा नाही, कच्चा माल संपत नाही, ऑटोबायर नाही, संपणारा बूस्ट नाही, असा गेम असेल तर एका ओळीत काम होतं आणि पुढचं वाचायची गरज नाही. बाकी सगळ्या गेमसाठी ती पद्धत चूक आहे. मी याच मुद्द्यावर एका स्टुडिओत बरेच महिने भांडलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचा गेम कारखान्याचा होता. आकडे इथे सोपे करून देतो. खाण सेकंदाला ४ खनिज काढते. भट्टी सेकंदाला ३ खनिज आणि १ कोळसा खाते आणि १ लोखंडी पाट देते. कोळशाची खाण मात्र सेकंदाला अर्धाच कोळसा देते, बाकीचा शिल्लक साठ्यातून जातो. खनिजाचं गोदाम १२,००० चं, पाटांना मर्यादा नाही. खेळाडूने गेम बंद केला तेव्हा खनिज ० होतं आणि कोळसा ९,०००. तो १० तासांनी, म्हणजे ३६,००० सेकंदांनी परत आला.

आमच्या लीडचा कोड गेम बंद होतानाचा दर धरायचा: सेकंदाला १ पाट, म्हणून ३६,००० पाट. कोळसा उणे ९,००० यायचा, तो शून्यावर आणून ठेवायचा, झालं. आता नीट बघा. शिल्लक ९,००० आणि १० तासांत निघालेला १८,००० मिळून खेळाडूकडे एकूण २७,००० कोळसा होता. एका पाटाला एक कोळसा लागतो. मग वरचे ९,००० पाट कशातून झाले?

मी हे दाखवलं तेव्हा उत्तर मिळालं, "अरे, खेळाडू कॅल्क्युलेटर घेऊन बसत नाहीत." आयडल गेम खेळणारे नेमके कॅल्क्युलेटर घेऊनच बसतात, तोच त्यांचा खेळ असतो. एका खेळाडूने कळवलं की त्याने रात्रभर टॅब्लेट चार्जिंगला लावून गेम उघडा ठेवला, त्याच्या भावाने बंद केला, आणि सकाळी भाऊ पुढे होता. गेम बंद ठेवणं हीच सर्वात चांगली खेळी ठरली, म्हणजे गेम मोडला.

त्यावर स्टुडिओने काय केलं? ऑफलाइन कमाई ०.५ ने गुणली. ३६,००० चे १८,००० झाले. याच खेळाडूचे खरे २७,००० होते, म्हणजे नीट नियोजन करणाऱ्याचा तिसरा हिस्सा कापला गेला. आणि ज्याच्याकडे कोळशाची खाणच नाही, गेम बंद करताना फक्त ६०० कोळसा शिल्लक आहे, त्याचं काय? त्याला खरे ६०० पाट मिळायला हवेत. त्यालाही १८,००० मिळाले, तीस पट. चुकीच्या गणिताला कशानेही गुणलं तरी ते प्रत्येकासाठी वेगवेगळं चुकतं. ऑफलाइन दर कमी ठेवणं हा डिझाइनचा निर्णय म्हणून चालतो. कुकी क्लिकरमध्ये ‘ट्विन गेट्स ऑफ ट्रान्सेंडन्स’ हा अपग्रेड घेतला की गेम बंद असताना नेहमीच्या ५% दराने पहिला तासभर कमाई होते, नंतर ती आणखी ९०% कमी होते, आणि हे अपग्रेडच्या वर्णनात सरळ लिहिलेलं आहे. तो नियम आहे. आमचा ०.५ म्हणजे बग झाकायला लावलेली पट्टी होती.

आता बरोबर पद्धत. टिक चालवायचे नाहीत. प्रत्येक क्षणी एवढंच विचारायचं: हे दर असेच राहिले तर सर्वात आधी काय बदलेल? कुठलं गोदाम भरेल, कुठला साठा संपेल, कुठला बूस्ट उतरेल? तिथपर्यंत एका उडीत जायचं, दर नव्याने काढायचे, पुन्हा तेच.

वरच्या खेळाडूवर चालवून बघू. सुरुवातीला खनिज सेकंदाला १ ने वाढतंय, म्हणजे गोदाम १२,००० सेकंदांनी भरेल. कोळसा अर्ध्याने घटतोय, तो १८,००० सेकंदांनी संपेल. गोदाम आधी. उडी: खनिज १२,०००, कोळसा ३,०००, पाट १२,०००. आता खनिजाचा निव्वळ दर शून्य. पुढची घटना म्हणजे कोळसा संपणं, आणखी ६,००० सेकंदांनी. उडी: कोळसा ०, पाट १८,०००. इथून भट्टी कोळशाच्या खाणीच्या वेगाने, म्हणजे निम्म्या वेगाने चालेल. उरलेल्या १८,००० सेकंदांत काहीच बदलत नाही, त्यामुळे आणखी ९,००० पाट. एकूण २७,०००, कोळशाच्या हिशोबाशी तंतोतंत. लूप तीन वेळा फिरला. सेकंदाला १० टिक धरले असते तर ३,६०,००० वेळा फिरला असता, म्हणून तुमचा गेम उघडताना अडकतोय.

```js
function advance(s, dt) {
  let guard = 0;
  while (dt > 0 && guard++ < 10000) {
    const r = netRates(s);
    const ev = nextEvent(s, r);
    const step = Math.min(dt, ev.t);
    for (const k in r) s[k] += r[k] * step;
    if (step === ev.t) ev.apply(s);
    dt -= step;
  }
  return dt;
}
```

घटना नसेल तर `ev.t` मध्ये `Infinity` ठेवा. खरी मेहनत `netRates` मध्ये आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. कोळसा शून्य झाला की भट्टी ‘बंद’ असं लिहिलंत, तर पुढच्या फेरीत कोळशाचा कण येतो, भट्टी चालू होते, कण संपतो, भट्टी बंद, आणि लूप त्याच जागी फिरत राहतो. साठा शून्य असेल तेव्हा भट्टीचा वेग येणाऱ्या पुरवठ्याइतका करायचा, बंद करायची नाही. म्हणून आधी खाणीकडून मालाच्या दिशेने जाऊन टंचाई लावायची, मग उलट्या दिशेने येऊन भरलेली गोदामं बघायची. पाटांचं गोदाम भरलं तर भट्टी थांबते, आणि भट्टी थांबली तर तिने कोळसाही खाऊ नये. एकाच रिकाम्या साठ्यावर दोन यंत्रं अवलंबून असतील तर वाटणी कशी होते याचा नियम ठरवा, प्रमाणात किंवा अग्रक्रमाने, पण एकच.

दुसरी अडचण दशांशाची. उडीनंतर कोळसा बरोबर ० न येता ०.००००००१ उरतो आणि पुढची घटना ‘आत्ता लगेच’ येत राहते. म्हणून `ev.apply` ने तो साठा नेमका ० किंवा नेमका गोदामाच्या मर्यादेइतका करून टाकायचा. लूप किती वेळा फिरला ते नोंदवत जा. छोट्या कारखान्यासाठी तो आकडा हजारांत गेला तर या दोनपैकीच एक भानगड असते.

हेच फंक्शन गेम चालू असतानाही प्रत्येक फ्रेमला बोलवा, छोट्या `dt` सह. माझा लीडशी मूळ वाद हाच होता: ऑनलाइनचा एक कोड आणि ऑफलाइनचा दुसरा ठेवला तर दोन वेगळे गेम तयार होतात, आणि खेळाडू त्यातला फायद्याचा निवडतो. शिवाय ‘ऑफलाइन’ची व्याख्या आपल्या हातात नाही. ब्राउझरमध्ये टॅब लपला की `requestAnimationFrame` थांबतं. क्रोममध्ये २०२१ पासून पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या, आवाज न करणाऱ्या टॅबचे टायमर मिनिटातून एकदाच जागे होतात. गेम ‘उघडा’ असतानाही ६० सेकंदांची पोकळी पडते, ती कुठल्या कोडने भरणार?

तपासणी सोपी आहे. तीच सेव्ह घ्या, एकदा ३६,००० सेकंद एकदम चालवा आणि एकदा ३,६०० सेकंद दहा वेळा. दशांशातला बारीक फरक सोडून दोन्ही निकाल सारखे यायला हवेत. आमच्या जुन्या कोडवर मी ही चाचणी लिहिली होती, ती पहिल्याच फेरीत लाल झाली. मग चाचणी काढून टाकण्यात आली, कोड तसाच राहिला. मी तिथून बाहेर पडलो त्याचं हे एक कारण होतं. आता माझ्या स्वतःच्या गेममध्ये ही चाचणी प्रत्येक बिल्डला चालते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ऑटोबायर असेल तर ‘पुढची खरेदी परवडेल’ हीसुद्धा घटनाच धरा. किंमत दर खरेदीला १५% वगैरे वाढत असेल आणि उत्पन्न सरळ बेरजेने वाढत असेल तर खरेद्या झपाट्याने विरळ होत जातात, लूप फुगत नाही. पण यंत्रं यंत्रंच बनवत असतील तर दर स्थिर राहतच नाही, तो सतत वाढतो आणि माझी पद्धत तशीच्या तशी लागू होत नाही. तिथे ठराविक संख्येचे मोठे टिक घेणं हाच व्यवहारी मार्ग. अँटीमॅटर डायमेन्शन्स तेच करतो आणि किती ऑफलाइन टिक चालवायचे ते खेळाडूला निवडू देतो. यादृच्छिक बक्षिसं असतील तर सरासरी वाटू नका. सरासरी १.८ येत असेल तर पॉइसाँ वितरणातून एक आकडा काढा. खेळताना कुणाला ०, कुणाला ४ मिळतात, तसंच परतल्यावरही व्हावं.

वेळ UTC मध्ये साठवा आणि फरक उणे आला तर शून्य धरा. फोनचं घड्याळ पुढे करणाऱ्यांना फक्त सर्व्हरचं घड्याळ रोखतं. लीडरबोर्ड नसेल तर त्यांच्यामागे लागू नका, ते स्वतःचाच गेम संपवतात. शेवटची वेळ आणि बदललेला साठा एकाच सेव्हमध्ये, एकाच वेळी लिहा, नाहीतर ‘घ्या’ बटण दाबून लगेच ॲप मारलं की तीच कमाई दुसऱ्यांदा मिळते.

किती तासांची मर्यादा, तर ते तुमच्या गेमवर आहे. माझ्या मते वेगळी मर्यादा ठेवूच नका, गोदामं हीच मर्यादा असू द्या. ती खेळाडूला दिसते आणि तो ती वाढवू शकतो. ‘परफॉर्मन्ससाठी ८ तास’ असं तुमच्या टीममध्ये कुणी म्हणालं तर वरचं उदाहरण दाखवा: तोच खेळाडू तीन दिवसांनी आला तरी लूप तीनदाच फिरतो.