ऑफर आली आहे, पण बाजारभावापेक्षा कमी वाटते. एचआरला न दुखावता पगार वाढवून कसा मागू?

प्रश्न: पुण्यात जावा बॅकएंडमध्ये पाच वर्षांचा अनुभव आहे. नव्या कंपनीने 16 लाख सीटीसीची ऑफर दिली आहे. मार्केटमध्ये जास्त मिळतं असं कळतंय. मेलमध्ये नेमकं काय लिहू, म्हणजे भांडल्यासारखं वाटणार नाही?

उत्तर: मी बरीच वर्षं आयटी भरतीत काम करतो, त्यामुळे असे मेल ज्याच्याकडे येतात त्या बाजूने सांगतो. तुमच्याशी बोलणाऱ्या एचआरच्या हातात पगार वाढवणं सहसा नसतं. त्याला हायरिंग मॅनेजर आणि फायनान्सकडून अप्रूव्हल घ्यावं लागतं, आणि त्या विनंतीत तो तुमच्या मेलमधलीच दोन-तीन वाक्यं उचलून टाकतो. म्हणून मेल असा हवा की तो जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. "ही ऑफर फारच कमी आहे" हे वाक्य तो पुढे पाठवू शकत नाही. "या कामासाठी पुण्यात फिक्स्ड इतकं दिसतं" हे पाठवू शकतो.

त्याआधी आकडे एका मापात आणा. बहुतेकांचं इथेच फसतं. ऑफर लेटरची पगाराची फोड उघडा. समजा 16 लाखांत 1,60,000 व्हेरिएबल आहे आणि बेसिक वर्षाला 6 लाख आहे. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के धरतात, म्हणजे 28,860. हे दोन्ही वजा केले की फिक्स्ड उरतं 14,11,140, आणि त्यातही कंपनीच्या वाट्याचा पीएफ आलाच. आता मित्र "मला 17 आहे" म्हणाला, तर ते सीटीसी की फिक्स्ड हे विचारल्याशिवाय तो आकडा वापरू नका. पगाराच्या साइटवरची सरासरीही एकटी पुरत नाही, कारण तिथे लोकांनी स्वतः भरलेले, वेगवेगळ्या शहरांतले आणि जुने आकडेही मिसळलेले असतात. एचआरकडे बहुतेकदा स्वतःचा सर्व्हे असतो, तो ती सरासरी लगेच खोडून काढतो. त्यापेक्षा तुमच्याच स्किलच्या, तुमच्याच अनुभवाच्या, पुण्यातल्या आणि पगार छापलेल्या चार-पाच जाहिराती आणि एक-दोन कन्सल्टंटशी झालेलं बोलणं जास्त वजनदार ठरतं.

समजा या शोधात फिक्स्ड 15 ते 17 लाख निघालं. मग मेल इंग्रजीतच लिहा, पण क्रम असा ठेवा:

> नमस्कार, ऑफरबद्दल मनापासून आभार. टीमशी बोलल्यावर हे काम करायला मला नक्की आवडेल.
>
> एका मुद्द्यावर तुमची मदत हवी होती. पुण्यात पाच वर्षांच्या जावा बॅकएंड अनुभवासाठी सध्याच्या जाहिराती पाहिल्या, कन्सल्टंटशीही बोललो. फिक्स्ड साधारण 15 ते 17 लाख दिसतं. ऑफरमध्ये व्हेरिएबल आणि ग्रॅच्युइटी सोडून ते 14.11 लाख होतं. माझ्या हिशोबात काही राहून गेलं असेल तर जरूर सांगा.
>
> फिक्स्ड 16 लाखांपर्यंत नेता येईल का? तसं झालं तर मी लगेच होकार कळवतो आणि ठरलेल्या तारखेला रुजू होतो.

"राहून गेलं असेल तर सांगा" हे वाक्य काढू नका. त्यामुळे समोरच्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही, आणि इन्शुरन्स किंवा शेअर्ससारखं खरंच काही तुमच्या नजरेतून सुटलं असेल तर तेही कळतं. मागताना आकडा एकच द्या. "15 ते 16" लिहिलंत की बोलणं 15 वरच सुरू होतं. 16 मागून 15.25 वर मिटलं तरी तुम्ही बाजाराच्या पट्ट्यात आलात. शेवटचा होकार मात्र खरा असेल तरच लिहा. अप्रूव्हल मागताना एचआर याच वाक्यावर जोर देतो, आणि नंतर शब्द फिरवलात तर ते त्याच्या अंगाशी येतं.

घराचा हप्ता, लग्न, पुण्यातलं भाडं यांतलं काही मेलमध्ये आणू नका. फायनान्सला त्यावरून अप्रूव्हल देता येत नाही. हातात नसलेली दुसरी ऑफरही दाखवू नका; लेटर पाठवा म्हणतात, आणि मग सगळंच बोलणं संशयात येतं.

उत्तर "बँड संपला" असं आलं तर फिक्स्डवर पुन्हा जोर लावून फार काही निघत नाही. तेव्हा व्हेरिएबलमधला काही भाग फिक्स्डमध्ये घेता येईल का ते विचारा. एकूण सीटीसी तेवढीच राहत असल्यामुळे हे कधीकधी सहज मान्य होतं. जॉइनिंग बोनस देऊ केला तर तो घ्या, पण किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो ती अट आधी वाचा. आणि बोनस एकदाच मिळतो, पुढची वाढ त्यावर मोजली जात नाही, हे लक्षात ठेवा.

हे सगळं राजीनामा देण्याआधी करा. नोटीस पिरियड सुरू झाल्याचं कळलं की वाढवण्याची घाई कोणालाच राहत नाही. फोनवर "हो, करून देतो" म्हणाले तरी सुधारित ऑफर लेटर मेलवर येईपर्यंत थांबा, आणि आल्यावर आधी फोडीतला फिक्स्डचा आकडा तपासा. कधीकधी सीटीसी वाढलेली दिसते आणि वाढ सगळी व्हेरिएबलमध्ये गेलेली असते.