पसंतीक्रम लावताना, तुझा ड्राफ्ट वाचून

अगं, तुझं एलसीटीचं (लँग्वेज अँड कम्युनिकेशन टेक्नॉलॉजीज, इरॅस्मस मुंडुसवालं) स्टेटमेंट दोनदा वाचलं. प्रोजेक्टचा भाग छान उतरलाय. अडतंय ते पसंतीक्रमाच्या परिच्छेदात. तू लिहिलंयस, "प्राग ही जगप्रसिद्ध युनिव्हर्सिटी आहे आणि तिथलं रिसर्चचं वातावरण उत्तम आहे." आता प्राग खोडून तिथे ग्रोनिंगेन लिही. वाक्य तसंच चालतंय ना? मग ते कारणच नाही, काढून टाक.

तुला मराठीसाठी पार्सर करायचाय, तर तिथूनच सुरुवात कर. प्रागच्या चार्ल्स युनिव्हर्सिटीच्या उफाल इन्स्टिट्यूटमध्ये प्राग डिपेंडन्सी ट्रीबँक तयार झाली, आणि युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये मराठीची जी छोटीशी ट्रीबँक आहे ना, तिचं नावच UD_Marathi-UFAL आहे. पाचशेपेक्षा कमी वाक्यं आहेत त्यात. ती उघड, चारपाच वाक्यांची झाडं नीट बघ, कुठलं लेबल तुला पटलं नाही ते लिहून ठेव आणि तेच स्टेटमेंटमध्ये टाक, कारण हे कारण दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिटीला लावताच येणार नाही.

दुसरा नंबर मी बास्क कंट्रीला दिला असता. आपण "मुलीने पुस्तक वाचलं" म्हणतो, तिथे neskak liburua irakurri du म्हणतात, आणि neskak मधला शेवटचा k आपल्या "ने"चंच काम करतो. फक्त आपल्याकडे हे मुख्यतः भूतकाळात होतं, त्यांच्याकडे सगळ्या काळांत, त्यामुळे "दोन्ही भाषा सारख्या" असं चुकूनही लिहू नकोस. शिवाय कमी डेटा असलेल्या भाषेसाठी साधनं कशी उभी करायची हे तिथले लोक बास्कवर कितीतरी वर्षं करतायत.

तिसऱ्या जागेपाशी सगळेच दमतात आणि "तीही चांगली आहे" लिहून मोकळे होतात. तसं करू नकोस, कारण जागा मर्यादित असतात आणि शेवटी कोणाला कुठे पाठवायचं ते कन्सॉर्शियम ठरवतं, म्हणजे तिसरीही मिळू शकते. फॉर्ममध्ये तू तिथे माल्टा टाकलंयस, मग कारण दे. माल्टीजचं व्याकरण अरबीच्या घराण्यातलं, शब्द मात्र ढीगभर इटालियनमधून आलेले, आणि रोजच्या बोलण्यात इंग्लिश. मराठी चॅटमधल्या मिसळलेल्या वाक्यांवर काम करायचं म्हणतेस, त्याला हे नेमकं लागू पडतं.

आणि "प्राग नाही मिळालं तर माझं काम होणारच नाही" हे वाक्य आजच काढ, खाली दोन पर्याय देऊन वर असं लिहिलं की ते दोन नुसते रकाने भरायला टाकलेत असं वाटतं. कोर्स दोन वर्षांचा, दोन युनिव्हर्सिटीजमधला आहे, तर पहिल्या वर्षी काय शिकून दुसऱ्या वर्षीच्या थिसिसमध्ये ते कुठे वापरणार, ही जोडी दोन ओळींत सांग. फॉर्ममधला क्रम आणि स्टेटमेंटमधला क्रम एकच आहे ना तेही बघ, तुझ्या ड्राफ्टमध्ये माल्टा दुसरं आलंय आणि फॉर्मच्या स्क्रीनशॉटमध्ये तिसरं. यंदाची पार्टनर्सची यादी वेबसाइटवर परत तपास, ती बदलते.

रविवारपर्यंत फक्त हा एक परिच्छेद पाठव, बाकीच्याला हात लावू नकोस.