भेगाळलेले हात आणि नाइट ड्यूटी

"मी कंत्राटी स्टाफ नर्स आहे. बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त येतं, सॅनिटायझर लावला की डोळ्यांत पाणी येतं. बरोबरच्या म्हणतात, या कामात सगळ्यांचंच असं होतं, मलम लाव. स्किन ओपीडीत दाखवलं आणि पुढची ऑर्डर मिळाली नाही तर? शिवाय नाइट करून रांगेत उभं राहायचं त्राण उरत नाही."

मी एका सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात काम करते. त्वचेच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. तरीही एक सिस्टर माझ्यासमोर येऊन बसल्या त्या हातांमुळेच. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते बदलून, त्यांचं सांगते.

मेल मेडिकल वॉर्ड, पहाटेची वेळ. एका रुग्णाचं सलाइन बंद पडलं म्हणून त्या नवीन कॅन्युला लावत होत्या. हातात ग्लोव्ह्ज नव्हते. शीर मिळाली, पण नळी जोडेपर्यंत रक्त उलटं वाहून त्यांच्या तर्जनीवर आलं. त्यांनी नियमाप्रमाणे हात साबण-पाण्याने धुतला. बोट दाबून रक्त काढलं नाही, स्पिरिट चोळलं नाही. कोरडा केल्यावर बोट पुन्हा लाल झालं. हे रक्त रुग्णाचं राहिलेलं की आपल्या भेगेतून आलेलं, हे त्यांना कळेना. कितीतरी महिने चालढकल केलेल्या सिस्टर त्या क्षणी घाबरल्या आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांकडे गेल्या.

सुई टोचली नाही म्हणजे काही झालं नाही, असं पुष्कळांना वाटतं. अखंड त्वचेवर रक्त पडलं तर ते खरंही आहे. पण त्वचा फाटलेली असेल तर त्याची नोंद संपर्क म्हणूनच होते. सुई टोचण्यापेक्षा धोका खूपच कमी असतो, पण शून्य नसतो, आणि हिपॅटायटिस बीच्या बाबतीत तर बेफिकीर राहून चालत नाही. प्रतिबंधक औषध द्यायचं ठरलं, तर ते शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन तासांत सुरू व्हावं आणि 72 तासांच्या पुढे जाऊ नये, असा नियम आहे. म्हणून रुग्णाची संमती घेऊन त्याची तपासणी झाली आणि सिस्टरना सकाळी माझ्याकडे पाठवलं. रुग्णाचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, औषधाची गरज पडली नाही. सिस्टरनी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतलेले होते, पण अँटिबॉडी तयार झाल्या का हे कधी पाहिलं नव्हतं. तीही तपासणी लिहून दिली.

इथे माझं काम संपत होतं. पण त्या उठल्या नाहीत, आणि मलाही त्यांना तसंच जाऊ द्यावंसं वाटेना. मी विचारलं, "सिस्टर, ग्लोव्ह्ज का घातले नव्हते?"

"मॅडम, आत घाम आला की भेगांना मिरची लागल्यासारखं होतं. मग कॅन्युलाच्या वेळी काढूनच ठेवते."

संरक्षणासाठी असलेली वस्तूच नकोशी झाली होती. सॅनिटायझर झोंबतो म्हणून त्याऐवजी त्या बेसिनवर जाऊन साबणाने हात धुवत. ज्या वेळी सॅनिटायझर वापरावाच लागे, त्यानंतरची जळजळ शमवायला पुन्हा पाणी. आम्ही दोघींनी मिळून ती रात्र तासातासाने आठवून काढली: आठचं हँडओव्हर, दहाची इंजेक्शनं, मधली अॅडमिशन, पहाटेची सॅम्पल्स. मग घरी जाऊन भांडी, मुलाच्या शाळेच्या शर्टची कॉलर घासणं, कणीक, लसूण सोलणं. त्यांचा अंदाज होता की दिवसभरात पंधरा-वीस वेळा हात धुतले जात असतील. मोजणी चाळीसच्या पुढे गेली. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा हात धुणं, किंवा दोन तासांहून अधिक वेळ हात ओले किंवा बंद ग्लोव्ह्जमध्ये असणं, हे त्वचेला इजा करणारं ओलं काम मानलं जातं. सिस्टर घरीदारी तेच करत होत्या.

सगळ्यांचंच असं होतं, हे वाक्य त्यांनीही ऐकवलं. पुष्कळ जणींना होतं, हे खरं आहे. म्हणून तर त्या आजाराला नाव आणि उपचार आहेत. मी विचारलं, सुट्टीत हात कसे असतात? "माहेरी आठ दिवस गेले होते, तेव्हा बरे झाले होते. आई कशाला हात लावू देत नाही ना." आजाराचं मूळ या उत्तरात होतं, आणि डॉक्टरांपुढे हेच वाक्य सांगा, असं मी त्यांना म्हटलं.

मग नोकरीचा विषय निघाला. त्यांची अकरा महिन्यांची ऑर्डर होती आणि नूतनीकरण जवळ आलं होतं. काही होणार नाही, असं आश्वासन मी दिलं नाही. ते माझ्या हातात नव्हतं. पण दोन गोष्टी समोर ठेवल्या. भेगाळलेल्या त्वचेवर जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस, ठाण मांडतात आणि तिथून रुग्णापर्यंत जातात, म्हणून हे लपवणं रुग्णांसाठीही बरं नव्हतं. आणि रात्रीच्या घटनेची नोंद आता झालीच होती. तिच्या मागोमाग उपचाराचा कागद असणं त्यांच्याच बाजूचं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आत्ता गेले तरच जाईन. घरी जाऊन झोपले की संपलं." ओपीडी नुकतीच उघडली होती. मी केस पेपर काढायला माणूस पाठवला आणि त्वचाविभागात फोन करून नाइट ड्यूटीवरच्या सिस्टर येत आहेत एवढं सांगितलं. अशी विनंती तुम्हीही इन्चार्ज सिस्टरना करू शकता; तिला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले. बोटांच्या बेचक्या, पेरं, आणि अंगठीखालचा भाग, जिथे साबण अडकून राहतो. बुरशी नाही ना, हे पाहायला थोडी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. मग त्यांनी आतापर्यंत काय लावलं ते विचारलं. सिस्टरनी पर्समधून अर्धी संपलेली ट्यूब काढली. मेडिकलमधून घेतलेलं, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम. लावलं की चार दिवस बरं, थांबवलं की पुन्हा तेच. त्यात स्टेरॉइड असल्यामुळे आराम पडत होता. पण किती, किती दिवस आणि कसं कमी करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्रासाचं कारण रोज चालूच होतं.

निदान होतं सततच्या पाणी-साबणाने होणारा हातांचा एक्झिमा. डॉक्टरांनी एक तीव्र स्टेरॉइड मलम दिलं, दिवसातून एकदा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेली मलमाची पट्टी एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते, हे त्यांनी दाखवून दिलं. कागदावर "रात्री झोपताना" असं लिहिलं होतं. सिस्टरनी विचारलं नसतं, तर ते मलम रात्री ड्यूटीला निघताना लागलं असतं आणि पहिल्याच धुण्यात गेलं असतं. डॉक्टरांनी खोडून "सकाळी झोपताना" केलं. त्यावर जाड थर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा आणि वर सुती हातमोजे. काही आठवड्यांनी मलम हळूहळू कमी करायचं होतं, एकदम बंद नाही. मलमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते हात पाहूनच ठरतं.

सगळ्यात नवल सिस्टरना सॅनिटायझरचं वाटलं. तो झोंबतो म्हणजे तोच त्वचा खातो, असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात ग्लिसरीन असलेला अल्कोहोलचा हँडरब साबण-पाण्यापेक्षा त्वचेला सौम्य असतो. साबण त्वचेतलं तेल धुऊन नेतो. अल्कोहोलने ते तितकं निघून जात नाही. तो फक्त आधीच फाटलेल्या जागी झोंबतो. भेगा भरल्यावर झोंबणं थांबतं. म्हणून हात दिसण्याइतके मळले असतील, जेवणाआधी, शौचानंतर किंवा जुलाबाचा रुग्ण हाताळल्यावर साबण. बाकी बहुतेक वेळी हँडरब, आणि त्यावर पुन्हा पाणी नाही. ग्लोव्ह्ज घालायचे ते हात पूर्ण सुकल्यावर. ड्यूटीवर पाण्यात विरघळणारं, बिनवासाचं क्रीम लावायचं, कारण पेट्रोलियम जेलीने लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज कमजोर होतात. जेली घरासाठी.

पण उघड्या भेगा घेऊन रक्ताचं काम करायचं नव्हतं. त्यासाठी डॉक्टरांनी मेट्रनना चिठ्ठी दिली, आणि काही आठवडे सिस्टरना नोंदींच्या कामावर ठेवलं गेलं. घरी नवऱ्याने भांडी घासायला घेतली. सिस्टर म्हणाल्या, ते सांगायला त्यांना मेट्रनपेक्षा जास्त जड गेलं. पुन्हा भेटल्या तेव्हा भेगा मिटल्या होत्या, मात्र त्वचा अजून पातळ, गुळगुळीत होती. वरून बरी दिसली तरी आतली ताकद भरून यायला काही महिने लागतात, आणि नेमकं याच काळात काळजी सुटली की आजार उलटतो. त्यांचाही पावसाळ्यात एकदा उलटला, ओपीडीतल्या सलग नसबंदी शिबिरांच्या दिवसांत. या वेळी त्या तिसऱ्याच दिवशी दाखवायला गेल्या. ऑर्डरचं नूतनीकरण झालं. तुमचंही होईलच, असं मात्र मी यावरून म्हणू शकत नाही.

काही जणींना एवढं करूनही बरं वाटत नाही. लाली मनगटावर ग्लोव्हच्या कडेपाशी रेष ओढल्यासारखी थांबत असेल, तर ग्लोव्ह्जच्या रबरातल्या रसायनांची अॅलर्जी असू शकते. ती पॅच टेस्टने कळते. पाठीवर पट्ट्या लावून 48 तास ठेवतात, नंतर दोनदा वाचतात. ती बहुधा मेडिकल कॉलेजमध्ये होते. ग्लोव्ह्ज घातल्या घातल्या गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे, त्याच दिवशी सांगा. पू, वाढती सूज किंवा ताप असेल तरीही थांबू नका.

तुम्ही नाइट संपली की घरी न जाता थेट ओपीडीत जा. आदल्या रात्री हात सर्वांत वाईट दिसतील तेव्हा फोनवर फोटो काढून ठेवा. साबण, हँडरब आणि ग्लोव्ह्जच्या खोक्याचेही फोटो घ्या, आणि आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब बरोबर न्या, मैत्रिणीची असली तरी. सुट्टीत हात कसे असतात ते सांगा. निघताना दोन गोष्टी लेखी मागा: निदान, आणि किती दिवस ओलं काम टाळायचं ते. त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवून मूळ कागद अर्जाला जोडून मेट्रनकडे द्या. आणि भेगेवर कधी रुग्णाचं रक्त पडलं, तर हात धुऊन त्याच ड्यूटीत नोंद करा, सकाळची वाट पाहू नका.