इंदूरमध्ये वरचा मजला भाड्याने देताना लॉक-इन कसा लिहावा?

प्रश्न: लोकमान्य नगरातल्या आमच्या घराचा वरचा मजला एका नोकरदार जोडप्याला द्यायचा आहे. भाडं १२,००० आणि डिपॉझिट २४,००० ठरलंय. करार ११ महिन्यांचा आहे, पण एजंट म्हणतो लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही तो, दोन वर्षांचा टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू. मी इंदुरातच वकिली करते आणि असे करार माझ्याकडे नेहमी येतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. आपण ११ महिने लिहितो ते म्हणूनच. त्यात दोन वर्षांचा लॉक-इन घातला, तर 'मुदत खरं तर दोन वर्षांची होती' असा मुद्दा भाडेकरूचा वकील काढणार. मग नोंदणी नसलेल्या कागदावरची ती अट कोर्टात टिकवणं अवघड होतं. सहा महिने ठेवा आणि ते दोघांनाही बांधील आहेत असं लिहा.

आता समजा, चार महिने झाल्यावर ते गेले. उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं २४,०००, म्हणजे अख्खं डिपॉझिट. पण करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा. तीन आठवड्यांत नवा भाडेकरू आला, तर पूर्ण रक्कम ठेवून घेणं तुम्हाला जड जाईल. म्हणून वाक्य असं लिहा: 'लॉक-इन संपण्याआधी घर सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचं किंवा नवा भाडेकरू येईपर्यंतचं, यांतलं जे कमी असेल ते भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल.' वाद झाला तरी ही अट टिकण्यासारखी आहे.

डिपॉझिटसाठी किल्ली परत केल्यापासून पंधरा दिवसांची मुदत ठेवा. तेवढ्यात शेवटचं वीजबिल हाती येतं. कापलेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब लेखी द्यायचा आणि रोजच्या वापरानं झालेली झीज कापायची नाही, हेही लिहा. ताबा देताना मीटरचं रीडिंग, पंखे, नळ आणि भिंतींचे फोटो काढून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं ही यादी नसल्यामुळेच होतात. शेवटचे महिने 'डिपॉझिटमधून कापा' असं भाडेकरूला म्हणता येणार नाही, हेही स्पष्ट लिहा, नाहीतर नुकसान भरून घ्यायला हातात काहीच उरत नाही.

वाढीची अट ११ महिन्यांनंतरच्या नव्या करारासाठी: 'शेवटच्या भाड्यावर ८ टक्के', म्हणजे १२,९६०. जुनाच कागद पुढे ओढू नका, दर वेळी नवा करा.

पोलीस व्हेरिफिकेशनची जबाबदारी करारात भाडेकरूवर टाकली तरी तुम्ही सुटत नाही. माहिती न दिल्यास पोलिसांच्या आदेशाचा भंग म्हणून घरमालकावरच गुन्हा नोंदवला जातो. माहिती ठाण्यात किंवा मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरा आणि पोचपावती कराराला जोडा. अटीत एवढं मात्र हवंच: राहणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आधी द्यायचं, आणि नंतर कुणी राहायला आलं तर आधी तुम्हाला लेखी कळवायचं.