तीन हजारांच्या बचतीसाठी कोणतं खातं?

प्रश्न: खात्यात जेमतेम तीन हजार राहतात. खासगी बँक, सहकारी बँक की पोस्ट?

उत्तर: पोस्ट. किमान शिल्लक ५०० रुपये, व्याज ४ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १२० रुपये. फक्त पैसे १० तारखेच्या आत भरा. व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळतं. पंधराला भरून पंचवीसला काढलेत तर त्या रकमेवर शून्य.

खासगी बँकेत शहरी शाखेला बरेचदा दहा हजारांची सरासरी शिल्लक लागते, नाहीतर दंड. तिथेच हवं असेल तर ‘बेसिक बचत खातं’ नाव घेऊन मागा, आपणहून कोणी सांगत नाही. सहकारी बँक घराजवळ असेल तर बरी. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला मात्र तो नसतो, पाटी नीट वाचा.