क्रियापदाचा पूर्ण आणि अपूर्ण पक्ष कसा ओळखायचा?

प्रश्न: स्पॅनिश, रशियनमध्ये पूर्ण आणि अपूर्ण क्रिया वेगळ्या दाखवतात म्हणे. गोष्ट वाचताना कोणती कोणती, हे कसं ओळखायचं?

क्रियेनं गोष्ट पुढे सरकली तर पक्ष पूर्ण, ती मागं नुसती चालू असेल तर अपूर्ण. हे पाहा: 'शांता कापूस वेचत होती, वारा वाहत होता. आभाळ गडगडलं. तिनं गाठोडं बांधलं, धुऱ्यावर आली.' पहिल्या दोन क्रियांची अदलाबदल करा, काही बिघडत नाही, त्या अपूर्ण. 'बांधलं' आणि 'आली' उलटवा, तर गाठोडं धुऱ्यावर आल्यावर बांधलं असा अर्थ होतो. म्हणून त्या पूर्ण.

किती वेळ लागला यावर मात्र जाऊ नका, बहुतेकांची चूक इथंच होते. 'त्यानं दिवसभर काम केलं' यात दिवस गेला, तरी स्पॅनिशमध्ये तिथं पूर्ण रूप 'त्राबाखो' येतं. 'तो काम करत होता, तेवढ्यात बैल सुटला' यात अपूर्ण 'त्राबाखाबा'.

ही कसोटी गोष्टीपुरतीच. 'हे पुस्तक वाचलंस का?' असं नुसतं विचारताना रशियन माणूस अपूर्ण 'चिताल'च वापरतो, पुस्तक वाचून संपलेलं असलं तरी.