चार पोलच्या मोटरची स्लिप काढताना १५०० हा आकडा गृहीत धरावा का?

प्रश्न: माझ्याकडे चार पोलची थ्री-फेज इंडक्शन मोटर आहे, सप्लाय ५० हर्ट्झ. नेमप्लेटवर १४४० आरपीएम लिहिलंय, पण टॅकोमीटर १४७० दाखवतो. स्लिप कुठल्या आकड्यावरून काढायची? आणि रोटरचा वेग आधीच काढता येतो का?

उत्तर:

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. नेमप्लेटवरचा १४४० हा पूर्ण लोडवरचा, मोटर तापल्यानंतरचा वेग असतो. तुमचा १४७० हा आत्ताच्या लोडवरचा आहे. आत्ताची स्लिप हवी असेल तर अर्थात १४७० घ्यायचा. पण माझ्या मते खरी गोम १४४० की १४७० यात नसून, ज्यातून तो वजा करायचा त्या १५०० मध्ये आहे.

आधी हे १५०० येतात कुठून ते पाहू. स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र सप्लायच्या एका आवर्तनात एका उत्तर ध्रुवापासून पुढच्या उत्तर ध्रुवापर्यंत सरकतं. चार पोल म्हणजे दोन जोड्या, त्यामुळे एका आवर्तनात क्षेत्राचा अर्धाच फेरा होतो. सेकंदाला ५० आवर्तनं म्हणजे २५ फेरे, मिनिटाला १५००. सूत्रातल्या १२० चा अर्थ एवढाच: मिनिटाचे ६० सेकंद, गुणिले जोडीतले २ पोल.

```
Ns = 120 × f / P
s  = (Ns − N) / Ns
N  = Ns × (1 − s)
```

यात `Ns` म्हणजे क्षेत्राचा वेग, म्हणजेच सिंक्रोनस वेग, `N` रोटरचा वेग, `f` सप्लायची फ्रिक्वेन्सी, `s` म्हणजे स्लिप आणि `P` म्हणजे एकूण पोल. काही पुस्तकांत पोलच्या जोड्या घेऊन 60 × f / p असं लिहितात. तिथे ४ घातले तर उत्तर ७५० येतं, आणि १४७० ने फिरणारी मोटर क्षेत्राच्याही पुढे पळताना दिसते! दुसरं म्हणजे भागायचं नेहमी `Ns` ने, मोजलेल्या वेगाने नाही.

नेमप्लेटवरून: १५०० वजा १४४० म्हणजे ६०, भागिले १५००, म्हणजे पूर्ण लोडची स्लिप ४ टक्के. तुमच्या मापावरून: ३० भागिले १५००, म्हणजे २ टक्के. रोटरच्या पट्ट्यांमध्ये करंट वाहायला पट्ट्या क्षेत्राच्या मागे पडाव्याच लागतात आणि जितका टॉर्क हवा तितकं मागे पडावं लागतं. रिकाम्यापासून पूर्ण लोडपर्यंत हे नातं जवळजवळ सरळ रेषेत असतं. म्हणून ६० च्या जागी ३० फेऱ्यांची घसरण, तर लोड साधारण निम्मा. उलट दिशेनेही जाता येतं: तीन चतुर्थांश लोड असेल तर ४५ फेरे मागे, म्हणजे रोटर १४५५ च्या आसपास. वेग आधी काढायचा तो असा.

परीक्षेसाठी इथे थांबलात तरी चालेल. प्रत्यक्ष मोटरवर मात्र थांबू नका.

स्लिप ही दोन मोठ्या आकड्यांमधली छोटी वजाबाकी आहे. त्यामुळे मोठ्या आकड्यातली बारीकशी चूक उत्तरात कित्येक पटींनी मोठी होऊन येते. समजा त्या क्षणी सप्लाय ५० नव्हे, ४९.८ हर्ट्झ होता. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, ग्रिडवर एवढं हलणं नवलाचं नाही. तेव्हा सिंक्रोनस वेग १२० × ४९.८ / ४, म्हणजे १४९४. त्यातून १४७० वजा केले तर उरतात २४. स्लिप २ टक्के नाही, १.६ टक्के. आणि लोडचा अंदाज ५० वरून थेट ४० टक्क्यांवर येतो. मोटर तीच, टॅकोमीटरचा आकडाही तोच.

म्हणून वेग मोजताना त्याच क्षणी फ्रिक्वेन्सीही मोजा. बऱ्याच मल्टिमीटरमध्ये आणि क्लॅम्प मीटरमध्ये ती सोय असते. तुमचा टॅकोमीटर शेवटचा आकडा किती खात्रीने दाखवतो हेही बघा. ±५ आरपीएमची चूक १४७० मध्ये नगण्य आहे, पण २४ मध्ये ती पाचवा हिस्सा होते.

स्लिपवरून लोड काढणार असाल तर आणखी दोन गोष्टी आड येतात. पहिली व्होल्टेज. तेवढ्याच स्लिपला मिळणारा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४०० व्होल्टच्या मोटरला ३८० मिळत असतील तर (३८०/४००)² म्हणजे सुमारे ०.९, आणि वरचे ४० टक्के ३६ वर येतात. दुसरी गोष्ट तापमान. रोटरच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा रेझिस्टन्स २० वरून १०० अंशांवर जाताना साधारण एक तृतीयांशाने वाढतो आणि तेवढ्याच टॉर्कला स्लिपही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. सुरू केल्या केल्या घेतलेलं माप नेमप्लेटशी ताडून उपयोग नाही. मोटर तापून स्थिर होऊ द्या. शिवाय नेमप्लेटचा वेग हाही काही शिलालेख नव्हे: आयईसी ६००३४-१ मानकात १ किलोवॅट आणि त्यापुढच्या मोटरच्या स्लिपला ±२० टक्के सूट आहे. ६० च्या जागी ४८ ते ७२ चालतात, म्हणजे वेग १४५२ ते १४२८. त्यामुळे या मार्गाने काढलेला लोड हा अंदाजच असतो. अचूक हवा असेल तर इनपुट पॉवर मोजा.

स्लिप मात्र नेमकी काढता येते, आणि तीही वजाबाकी न करता. स्ट्रोबोस्कोप मिळत असेल आणि तो सप्लायच्या फ्रिक्वेन्सीशी जोडता येत असेल, तर शाफ्टच्या टोकावर एक खडूची रेघ मारा आणि प्रत्येक आवर्तनाला एक फ्लॅश पडू द्या. रेघ समोरासमोर दोन ठिकाणी दिसेल आणि दोन्ही प्रतिमा फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू मागे सरकतील. एका ठिकाणावरून मिनिटभरात किती प्रतिमा जातात ते मोजा. वरच्या उदाहरणात ४८ जातील. प्रतिमा दोन असल्यामुळे निम्मे करा, २४ फेरे. हीच ती घसरण, सरळ मोजलेली. फ्रिक्वेन्सी मधेच थोडी हलली तरी फ्लॅशही तिच्याबरोबरच हलतात, त्यामुळे चूक आपोआप वजा होते. स्ट्रोब स्वतःच्या घड्याळावर १५०० ला लावलात तर मात्र ही सोय जाते आणि पुन्हा ३० च दिसतील.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की निम्मे न करता ते ४८ तसेच ठेवले आणि ६० ने भागले, तर ०.८ येतात, आणि रोटरच्या पट्ट्यांमधल्या करंटची फ्रिक्वेन्सी नेमकी ०.८ हर्ट्झच असते. ती ४९.८ ने भागा, पुन्हा स्लिप १.६ टक्के. पोल किती हे सूत्रात घालावंही लागत नाही.

एकच सांभाळा: त्या प्रकाशात शाफ्ट जवळपास थांबल्यासारखा दिसतो, पण तो १४७० नेच फिरत असतो. कपलिंगवर गार्ड ठेवूनच हे करा आणि रेघ मोटर बंद असतानाच मारा.